एक सिलिंडर किती दिवस जातो? वाचकांच्या घरांतून जमवलेला आकडा आणि त्याच्या मर्यादा

मी स्वयंपाकघरातल्या खर्चावर लिहिते. डाळ भिजवून शिजवली तर गॅस किती वाचतो, कुकरच्या किती शिट्ट्या खरोखर लागतात, असे विषय. त्यावर वाचकांचा एकच प्रश्न फिरून फिरून यायचा: “ते सगळं ठीक आहे, पण चार माणसांच्या घरात सिलिंडर किती दिवस जायला हवा?” उत्तर शोधलं तर एका ठिकाणी महिना, दुसरीकडे दीड महिना, तिसरीकडे दोन महिने. कुणी मोजलं, कधी मोजलं, घरात माणसं किती होती, याचा पत्ता नाही. एकाचा आकडा दुसऱ्यानं उचललेला. म्हणून वाचकांनाच विचारायचं ठरवलं. आलेली माहिती कुणालाही हवाला देता येईल अशा एका पानावर मांडायची आणि तो आकडा कुठवर खरा मानायचा हेही त्यातच लिहायचं.

प्रश्न मुद्दाम एवढासाच ठेवला. नेहमीच्या मोठ्या घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, हे माप सगळीकडे सारखं. त्यामुळे “किती दिवस” या एका आकड्यावर वेगवेगळी घरं शेजारी ठेवून बघता येतात. शिवाय याची नोंद घरोघरी आधीच असते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आधीच्या रिफिलची यादी दिसते, मोबाइलवर संदेश पडून असतात, काही घरांत गॅसच्या पुस्तकावर सिलिंडर आल्याची तारीख अजूनही लिहिली जाते. “तुम्ही गॅस जपून वापरता का?” असं विचारलं असतं तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं. तारीख विचारली की माणूस उठून बघतो.

तारखा कशा विचारायच्या यावर मात्र बराच खल झाला. सरळ वाटतं की शेवटचे दोन सिलिंडर कधी आले ते विचारावं आणि वजाबाकी करावी. पण बऱ्याच घरांत दोन टाक्या असतात. एक संपली की दुसरी लावतात आणि मग सवडीनं नंबर लावतात. कुणी त्याच दिवशी लावतं, कुणी दहा दिवसांनी. म्हणजे दोन डिलिव्हरींमधलं अंतर हे गॅस वापरल्याचं अंतर नसतं, नंबर लावण्याच्या सवयीचा भागही त्यात येतो. यावर उपाय म्हणजे लांबचा पल्ला घेणं. मी शेवटच्या सिलिंडरची तारीख आणि त्याच्या आधीच्या तिसऱ्या सिलिंडरची तारीख विचारली. अशा चार डिलिव्हरींमध्ये तीन अंतरं पडतात. एखाद्यानं नंबर दहा दिवस उशिरा लावला असला तरी ती चूक तीन अंतरांत वाटली जाते आणि दर सिलिंडरमागे साडेतीन दिवसांच्या आत राहते.

आमच्याच घरचं उदाहरण घेते. सिलिंडर आले 6 जानेवारी, 19 फेब्रुवारी, 30 मार्च आणि 13 मे या तारखांना. सुटी अंतरं 44, 39 आणि 44 दिवस. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत 127 दिवस, भागिले तीन, म्हणजे 42 दिवसांहून थोडं अधिक. इथे चारनं भागायचा मोह होतो, कारण सिलिंडर चार दिसतात. पण चौथा सिलिंडर तर नुकताच आलाय, तो या मुदतीत जळलेलाच नाही. चारनं भागलं तर उत्तर 32 वर येतं आणि घर आहे त्यापेक्षा उधळं दिसतं. त्यामुळे भागाकार मी वाचकांवर सोडला नाही. त्यांनी फक्त तारखा द्यायच्या, गणित तक्त्यात.

तारखेसाठीही एकच रकाना ठेवला नाही. दिवस, महिना आणि वर्ष हे वेगवेगळे प्रश्न केले आणि महिना नावानं निवडायला दिला. 04/05 असं लिहिलं की ते चार मे की पाच एप्रिल, हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

प्रश्नावली सगळ्यांना पाठवण्याआधी नात्यातल्या आणि शेजारच्या काहीजणींना माझ्यासमोर भरायला सांगितली. मी बोलायचं नाही, फक्त त्या कुठे अडतात ते बघायचं, असा नियम ठेवला. पहिल्याच प्रश्नाला मावशी थांबली. “घरात किती माणसं, म्हणजे रोहन धरू का गं? तो हॉस्टेलला असतो, पण शनिवार-रविवार जेवायला इथेच.” शेजारच्या काकूंची अडचण उलटी होती. त्यांच्याकडे दोघंच राहतात, पण लेकीची दोन मुलं शाळेतून आली की दुपारी तिथेच जेवतात. मी मनात धरलेली “घरातली माणसं” आणि त्यांनी धरलेली वेगळी होती. प्रश्न बदलून असा केला: “आठवड्यातून किमान पाच दिवस तुमच्या घरी शिजलेलं मुख्य जेवण किती जण जेवतात?” आता रोहन बाहेर आणि नातवंडं आत. वाक्य लांबलं खरं, पण त्यानंतर त्या प्रश्नावर कुणी थबकलं नाही.

याच बैठकांतून आणखी दोन प्रश्न आले. अंघोळीचं पाणी गॅसवर तापतं का? आणि घरच्यांखेरीज आणखी कुणासाठी नियमित स्वयंपाक होतो का, म्हणजे डबे, फराळाच्या ऑर्डरी? पाणी गॅसवर तापवणाऱ्या घराचा सिलिंडर लवकर संपणारच. ते विचारलंच नाही तर माणसांची संख्या सारखी असूनही दोन घरांत एवढा फरक का, हे कधीच उलगडलं नसतं.

एक प्रश्न मी मुद्दाम आठवणीवर सोडला आणि तो तारखांच्या आधी ठेवला. “न बघता सांगा, तुमच्याकडे सिलिंडर साधारण किती दिवस जातो?” क्रमाला महत्त्व होतं. तारखा आधी विचारल्या असत्या तर लोकांनी मनात वजाबाकी करून तोच आकडा आठवण म्हणून दिला असता.

नाव, फोन, ग्राहक क्रमांक यांतलं काहीच मागितलं नाही. तारखांच्या पडताळणीसाठी अ‍ॅपचा स्क्रीनशॉट मागावा असं एकीनं सुचवलं होतं. पण त्यावर ग्राहक क्रमांक असतो, कधी पत्ताही. आपल्याला ज्याचा उपयोग नाही ती माहिती घेऊन सांभाळत बसायची जबाबदारी मला नको होती. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याचाही रोख तोच आहे, माहिती कशासाठी घेता ते सांगा आणि तेवढ्यापुरतीच घ्या. एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद यावा म्हणून गूगल फॉर्म्समध्ये लॉगिनची अट घालता येते. तीही घातली नाही. वयस्क वाचक लॉगिन आलं की तिथेच सोडून देतात, आणि कुणी दोनदा सिलिंडरच्या तारखा भराव्यात असं या विषयात काही नाही. बक्षीस असतं तर मी वेगळा विचार केला असता.

उत्तरं येऊ लागण्याआधी आणखी एक काम उरकलं. कोणती उत्तरं बाद करायची त्याचे नियम लिहून ठेवले. उत्तरं बघितल्यावर नियम केले की न पटणारा आकडा चुकीचा वाटू लागतो आणि पटणारा खरा. माझे नियम चार होते. पाइपचा गॅस असेल किंवा बाहेरच्यांसाठी स्वयंपाक होत असेल तर बाद. दोन्ही तारखा नसतील तर बाद. नंतरची तारीख आधीच्या तारखेच्या मागे जात असेल तर बाद. आणि त्या मुदतीत जेवणारी माणसं बदलली असतील, म्हणजे बाळंतपण, लग्न, कुणी परगावी गेलं, तर तेही बाद.

एकूण 231 घरांनी उत्तरं दिली. पहिल्या नियमात 14 गेली, दुसऱ्यात 12, तिसऱ्यात 8, चौथ्यात 10. उरली 187. ही गाळणीही मी निष्कर्षांच्या पानावर जशीच्या तशी दिली, कारण 231 आणि 187 यांच्यामध्ये काय झालं हे विचारण्याचा वाचकाला हक्क आहे.

दोन माणसांच्या एका घराचं उत्तर आलं 110 दिवस. बघताक्षणी चूक वाटली. पण तारखा नीट होत्या आणि शेवटच्या मोकळ्या रकान्यात लिहिलं होतं की भात आणि चहा इंडक्शनवर होतो. चारांपैकी एकाही नियमात ते बसत नव्हतं, म्हणून ते राहिलं. अशी घरं असतात म्हणूनच सरासरीऐवजी मध्यक घेतला. सगळी घरं दिवसांच्या चढत्या क्रमानं ओळीत उभी केली की बरोब्बर मधलं घर जे सांगेल तो मध्यक. टोकाच्या एका घरानं तो हलत नाही, सरासरी हलते. तक्त्यात C रकान्यात माणसं, D आणि E मध्ये पहिली आणि शेवटची तारीख, F मध्ये दर सिलिंडरचे दिवस होते. सूत्रं एवढीच:

```
F2:  =(E2-D2)/3
=MEDIAN(FILTER(F2:F188, C2:C188=4))
=QUARTILE(FILTER(F2:F188, C2:C188=4), 1)
=QUARTILE(FILTER(F2:F188, C2:C188=4), 3)
```

शेवटच्या दोन सूत्रांनी मधल्या निम्म्या घरांचा पट्टा मिळतो. माझ्या मते मध्यकापेक्षा हा पट्टाच जास्त उपयोगाचा आहे. चार माणसांची 61 घरं होती. त्यांचा मध्यक 42 दिवस आला आणि मधली निम्मी घरं 35 ते 51 दिवसांच्या मध्ये. नुसतं “42” वाचणाऱ्या घराला आपला सिलिंडर 37 दिवसांत संपतो म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वाटेल. पट्टा बघितला की कळतं, अशी घरं कितीतरी आहेत.

सहा किंवा अधिक माणसांची घरं फक्त 9 होती. त्यांचा आकडा मी काढला, पण छापला नाही. नऊ घरांत मधलं घर पाचवं. दोन घरं इकडची तिकडे झाली की मध्यक आठवड्यानं सरकत होता. हे मी करूनच पाहिलं, एकेक घर काढून सूत्र पुन्हा चालवलं. चार माणसांच्या गटात घर काढून आकडा जेमतेम हलायचा. छोटा गट छापण्याजोगा आहे की नाही हे ओळखायला एवढी साधी तपासणी पुरते. तक्त्यात त्या ओळीसमोर “घरं 9, आकडा देण्याइतकी नाहीत” असं लिहिलं.

आठवण आणि नोंद यांची तुलना मला सगळ्यांत रोचक वाटली. आठवणीनं उत्तर देताना दर चारांपैकी तीन घरांनी 30, 40, 45, 50 किंवा 60 यांपैकीच एखादा आकडा सांगितला. तारखांतून निघालेले दिवस मात्र 33, 38, 47, 52 असे सगळीकडे विखुरलेले. लोक खोटं सांगत नाहीत, “महिना”, “दीड महिना”, “दोन महिने” अशा खुंट्यांवर आठवण टांगतात. आलेखात आठवणीचे उंच सुळके आणि नोंदीचा पसरट डोंगर शेजारी ठेवला, आणि पुढे सर्वाधिक लोकांनी हवाला दिला तो याच आलेखाचा. ज्या पाहण्या फक्त आठवणीवर चालतात त्यांचे आकडे वाचताना हा आलेख लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग मर्यादा. मी वाचलेल्या बहुतेक मांडण्यांत त्या शेवटी एका परिच्छेदात येतात: नमुना लहान आहे, निष्कर्ष सर्वांना लागू होतीलच असं नाही. असं वाक्य कुठल्याही पाहणीखाली चिकटवता येतं आणि त्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. मी प्रत्येक मर्यादेसमोर एक प्रश्न ठेवला: यामुळे आकडा कुठल्या बाजूला कलेल?

उत्तरं देणारी बहुतेक घरं पुणे, मुंबई-ठाणे आणि नाशिकची, स्मार्टफोन असणारी आणि गॅस वाचवण्यावरचं लेखन आवडीनं वाचणारी. जी माणसं हे वाचतात ती गॅस जपत असणारच. त्यामुळे माझे दिवस खऱ्या चित्रापेक्षा जास्त येण्याची शक्यता आहे. ज्या गावांत चूल आणि गॅस दोन्ही चालतात तिथे सिलिंडर याहून कितीतरी जास्त दिवस पुरतो, आणि ती घरं माझ्याकडे जवळपास नव्हतीच. तिथे कल उलट्या दिशेचा आहे. प्रश्नावली मे-जूनमध्ये फिरली, म्हणजे तारखांची मुदत बहुतांशी थंडी ओसरतानाची आणि उन्हाळ्याची. त्यात ना गणपती, ना दिवाळीचा फराळ, ना डिसेंबरचं कडक पाणी. वर्षभराचा हिशेब केला तर दिवस थोडे कमीच भरतील. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणारी घरं वेगळी काढली होती, पण माणसांच्या संख्येनुसार फोडल्यावर प्रत्येक गटात मोजकीच उरली. म्हणून “लवकर संपतो असं दिसतं” एवढंच लिहिलं, किती दिवसांनी ते लिहिलं नाही.

एका वाचकानं आपुलकीनं विचारलं, “ताई, 187 घरांवरून काढलेल्या अंदाजात किती टक्के चूक असू शकते ते का नाही दिलंत?” ढोबळ गणित आहेच, एकाला घरांच्या वर्गमुळानं भागा. 187चं वर्गमूळ पावणेचौदाच्या आसपास, म्हणजे टक्केवारीच्या निष्कर्षाला सुमारे सात टक्के इकडेतिकडे. पण हे गणित घरं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तेव्हाचं आहे. माझ्याकडची घरं स्वतःहून आली. त्यांच्यापुढे “अधिक-उणे 7 टक्के” लिहिलं असतं तर नसलेली अचूकता दिसली असती. घरं वाढवूनही हे सुटत नाही. 1936मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज निघाला लँडन जिंकणार. रूझवेल्ट 48पैकी 46 राज्यांत जिंकले. कोणाची नावं यादीत होती आणि त्यांतल्या कुणी उत्तर पाठवलं, यातच घोळ होता. आपल्याकडे सरकारच्या 2022-23च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत 2,61,746 घरं होती, पण तिची ताकद त्या संख्येत जेवढी आहे त्याहून जास्त, घरं यदृच्छेनं निवडण्यात आहे. त्या वाचकाला मी हेच कळवलं आणि पानावरही एक परिच्छेद वाढवला.

छापताना पानाची बांधणी हवाला देणाऱ्याच्या बाजूनं केली. पत्त्यात वर्ष घातलं नाही, म्हणजे पुढच्या फेरीनंतरही तोच पत्ता चालेल. प्रत्येक तक्त्याला स्वतःची खूण दिली, म्हणजे कुणाला फक्त चार माणसांच्या घरांच्या तक्त्यापर्यंत थेट जाता यावं. आकडे चित्रात अडकवले नाहीत, मजकुराच्या तक्त्यात ठेवले, त्यामुळे ते शोधता येतात, उचलता येतात आणि स्क्रीन रीडरवर ऐकूही येतात. पूर्ण प्रश्नावली शब्दशः दिली. श्रेय देऊन वापरा अशी परवानगी CC BY 4.0 या परवान्यानं दिली. सोबत उत्तरांची फाइलही ठेवली, पण गाळून: उत्तर भरल्याची वेळ काढली, मोकळे शेरे काढले, तारखांऐवजी फक्त निघालेले दिवस ठेवले आणि गावाच्या नावाऐवजी शहर, निमशहर किंवा खेडं एवढंच. एखाद्या तालुक्यातून एकच घर आलं असेल आणि त्यात सात माणसं नि गॅस गिझर असेल, तर नाव नसूनही ते घर ओळखू येतं. मराठी मथळे असलेली फाइल काही संगणकांवर एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांची जाळी दिसायची. CSV साठवताना UTF-8 सोबत BOM ही फाइलीच्या सुरुवातीची खूण ठेवल्यावर ते थांबलं.

तरीही काही दिवसांत एका वृत्तपत्रात मथळा आला: महाराष्ट्रात सिलिंडर 42 दिवस चालतो. मर्यादा पानावर होत्या, पण उचललेल्या वाक्यात नव्हत्या. मी संपादकांना कळवलं आणि त्यांनी इंटरनेटवरचा मथळा बदलला, छापील अंक तसाच राहिला. त्यानंतर पानाच्या अगदी वरती हवाल्यासाठी तयार वाक्य ठेवलं: “187 वाचक-घरांच्या पाहणीत, चार जण जेवणाऱ्या 61 घरांत 14.2 किलोचा सिलिंडर उन्हाळ्याच्या मुदतीत मध्यक 42 दिवस पुरला, मधली निम्मी घरं 35 ते 51 दिवसांत; घरं स्वेच्छेनं सहभागी, बहुतांशी शहरी.” वाक्य जड आहे, पण त्यातला कुठलाही तुकडा काढला तर अर्थ बदलतो. यानंतर हवाला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते जसंच्या तसं घेतलं. ज्यांनी कापलं त्यांनीही “वाचक-घरांच्या पाहणीत” हे शब्द ठेवले, कारण ते वाक्याच्या सुरुवातीलाच येतात.

पुढची फेरी डिसेंबरच्या तारखा हाताशी आल्या की फेब्रुवारीत काढणार आहे. प्रश्नांचे शब्द आणि क्रम तेच राहतील, नाहीतर दोन फेऱ्यांतला फरक हवामानाचा की प्रश्नाचा, हे सांगता येणार नाही. शेवटी एकच प्रश्न वाढवतेय, इंडक्शनवर रोज काही शिजतं का, आणि मोठ्या कुटुंबांपर्यंत पोचायला सांगली आणि सिंधुदुर्गातल्या काही वाचकांनी आपापल्या वाडीत प्रश्नावली कागदावर भरून घ्यायचं कबूल केलंय. ती उत्तरं वेगळ्या वाटेनं आलेली असतील, म्हणून त्यांचा तक्ताही वेगळाच छापीन.